लंगोट, गुलाल आणि उंबरठा

कोल्हापूरकडच्या तालमीत वाढलेला माझा एक मित्र आता पुण्यात जिम चालवतो. तिशी ओलांडली, घरच्यांनी आणलेली स्थळं जुळेनात, म्हणून त्याने एका डेटिंग ॲपवर खातं उघडलं. पहिला फोटो टाकला तो साहजिकच आखाड्यातला. अंगभर लाल माती, कसलेला लंगोट, दंडावर थाप मारायच्या पवित्र्यात. ॲपने काही सेकंदांत तो परत पाठवला. कारण दिलं, नग्नता. मग त्याने विसर्जन मिरवणुकीतला फोटो टाकला. चेहरा गुलालाने माखलेला, तोंड उघडं, बहुतेक 'मोरया' म्हणताना टिपलेला. तोही परत आला. या खेपेला कारण होतं हिंसा. त्याने मला फोन केला आणि म्हणाला, "तू हेच काम करायचास ना रे? मला एकदा सांग, मी नागडा आहे की खुनी?"

मला हसू आलं आणि थोडी लाजही वाटली. ते ॲप माझं नव्हतं, पण अशाच दुसऱ्या एका ॲपसाठी फोटो गाळायचं काम मी काही वर्षं केलं आहे. आमच्याकडेही त्याचे दोन्ही फोटो अडकले असते, हे मला फोनवरच कळलं होतं.

फोटो गाळायलाच हवेत, यावर माझा वाद नाही. डेटिंग ॲपवर बाईला न मागता काय काय पाठवलं जातं, हे एकदा तपासणीसाठी आलेल्या फोटोंच्या रांगेपुढे बसून पाहिलेला माणूस गाळणी काढून टाका असं म्हणणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. गाळणी चुकणारच, पण ती चूक कुणाच्या पदरात पडावी हे आज एक आकडा ठरवतो. तो आकडा बहुतेक ठिकाणी एका इंजिनिअरने एका दुपारी ठेवलेला असतो आणि पुढे कुणी त्याकडे वळूनही पाहत नाही.

तो आकडा कुठून येतो, ते सांगतो. याहूने 2016 मध्ये नग्नता ओळखणारं आपलं मॉडेल सगळ्यांसाठी खुलं केलं. ते फोटो आकसून 256 पिक्सेलच्या चौकोनात बसवतं, त्यातला मधला 224 चा तुकडा घेतं आणि 0 ते 1 मधला एक आकडा देतं. 0.2 च्या खाली बहुधा निर्धोक आणि 0.8 च्या वर बहुधा अश्लील, असं याहूनेच सुचवलं होतं. मधल्या पट्ट्याचं काय करायचं ते ज्याचं त्याने ठरवायचं. नंतरची मॉडेलं कितीतरी हुशार झाली, त्यांनी नग्नता, उत्तानपणा, रक्त, शस्त्र असे वेगवेगळे खण केले, तरी सांगाडा तोच राहिला. फोटो आत जातो, आकडा बाहेर येतो, आणि कुठेतरी एक उंबरठा असतो. उंबरठ्याच्या वर गेला तो अडला.

या आकड्याबद्दल एक गैरसमज अनुभवी लोकांतही आढळतो. 0.8 आला म्हणजे फोटो अश्लील असण्याची शक्यता ऐंशी टक्के, असं कुणी समजू नये. मॉडेलने शिकताना पाहिलेल्या अश्लील फोटोंशी हा फोटो किती मिळताजुळता आहे, याचं ते एक माप आहे, आणि मिळतंजुळतं असणं फसवं असतं. 1996 मध्ये फोर्साइथ आणि फ्लेक या संशोधकांनी नग्न माणसं शोधणारी पद्धत मांडली, तिची पहिली पायरी होती कातडीच्या रंगाचे मोठे पट्टे शोधणे. आजच्या मॉडेलांना असा नियम कुणी लिहून देत नाही, पण जुनी खोड पूर्ण गेलेली नाही. लंडनच्या पोलिसांनी 2017 मध्ये सांगितलं होतं की त्यांची यंत्रणा वाळवंटाचे फोटो नग्न देह समजून बसते. 2020 मध्ये कॅनडात न्यूफाउंडलंडमधल्या एका बियाण्यांच्या दुकानाची जाहिरात फेसबुकने लैंगिक म्हणून नाकारली होती. जाहिरातीत टोपलीतले कांदे होते.

आता माझ्या मित्राचा फोटो पाहा. चौकटीचा निम्म्याहून अधिक भाग कातडी, कपडा वीतभर. यंत्राने कुस्ती पाहिलेली असली तरी ती बहुधा चटईवरची, अंगभर सिंगलेट घातलेली असणार. आणि चेहऱ्यावर लाल रंग पसरलेला माणूस शिकवणीच्या फोटोंत जिथे जिथे आला असेल, तिथे बहुतेक वेळा ते रक्तच असणार. गुलाल उधळून नाचणारा माणूस त्या पुस्तकात नाहीच. रंगपंचमी, शिवजयंतीला तलवार फिरवणारी मुलगी, सोवळं नेसून पूजेला बसलेला नवरदेव, हळदीने माखलेली उघडी पाठ, आमच्या रांगेत हे सगळे वर्षानुवर्षं येत राहिले. तलवारीचा फोटो तर दर फेब्रुवारीत.

इथे एक हिशेब मांडायला हवा, कारण त्याशिवाय 'मॉडेल 98 टक्के अचूक आहे' या वाक्यापुढे सगळे गप्प बसतात. आकडे मी सोयीसाठी धरतो. समजा एका ॲपवर दिवसाला 1,00,000 फोटो चढतात आणि त्यांतले शंभरात एक खरोखर अडवण्यासारखे आहेत. म्हणजे वाईट फोटो 1,000 आणि चांगले 99,000. मॉडेल असं धरू की वाईटांतले 95 टक्के पकडतं आणि चांगल्यांतले फक्त 2 टक्के चुकून अडवतं. ऐकायला उत्तम. पकडलेले वाईट 950, पण चुकून अडवलेले चांगले 1,980. एकूण अडले 2,930, आणि त्यांतले दर तीनमधले दोन निरपराध. यंत्र बिघडलेलं नाही. चांगल्यांची संख्याच इतकी मोठी आहे की त्यांतले दोन टक्केसुद्धा वाईटांच्या दुप्पट भरतात. ॲपच्या बैठकीत मात्र पडद्यावर एकच आकडा असतो, तो 95 टक्के. 1,980 कुणी मांडत नाही, कारण ती माणसं बहुधा तक्रारच करत नाहीत. नव्याने आलेला माणूस पहिल्या दहा मिनिटांत दोनदा नाकारला गेला की तो अपील करत बसत नाही, ॲप काढून टाकतो.

आणि हे 1,980 सगळ्यांत सारखे वाटलेले नसतात. 'द गार्डियन'ने 2023 च्या सुरुवातीला मोठ्या कंपन्यांची अशी साधनं तपासून पाहिली. तीच कृती करणाऱ्या पुरुषांपेक्षा बायकांच्या फोटोंना उत्तानपणाचे गुण जास्त मिळत होते, व्यायाम करताना असोत की वैद्यकीय तपासणीचे. तपास करणाऱ्यांपैकी एका पुरुषाने स्वतःचाच उघड्या अंगाचा फोटो दिला तेव्हा गुण कमी आले. त्यानेच वर ब्रा चढवली, म्हणजे अंग उलट थोडं झाकलं, तर गुण एकदम वर गेले. यंत्र कातडी किती दिसते एवढंच पाहत नव्हतं, बाईपणाच्या खुणा पाहत होतं. डेटिंग ॲपवर याचा अर्थ असा की गोव्याच्या किनाऱ्यावर एकाच दिवशी काढलेल्या दोन फोटोंपैकी त्याचा उघड्या अंगाचा पार होतो आणि तिचा साधा स्विमसूटचा अडकतो. गाळणी लावली कुणासाठी, तर तिच्यासाठी.

यावर नेहमीचं उत्तर येतं. सुरक्षितता आधी. चार चांगले फोटो अडकले तर काय बिघडलं, दुसरा टाका. एक घाणेरडा फोटो दिसला तर तो डोळ्यांपुढून पुसता येत नाही. हे उत्तर मी हलक्यात घेत नाही. पण ते सगळे फोटो एकाच जागी ठेवून दिलेलं आहे. डेटिंग ॲपवर फोटो दोन अगदी वेगळ्या जागी येतात. एक प्रोफाइलवर, जिथे तो हजारो अनोळखी लोक पाहणार. दुसरा गप्पांत, जिथे तो एकच माणूस पाहणार. दोन्हीकडे चुकीची किंमत वेगळी, म्हणून उंबरठाही वेगळा हवा आणि उंबरठा ओलांडल्यावर घडणारी गोष्टही वेगळी हवी. बहुतेक ॲपांत मी एकच पाहिला आहे.

गप्पांचं आधी घेऊ, कारण तिथला तोडगा सोपा आणि सिद्ध झालेला आहे. बंबलने 2019 मध्ये गप्पांत आलेला नग्न फोटो धूसर करून दाखवायला सुरुवात केली. पाहायचा, न पाहता पुसायचा की तक्रार करायची, हे जिला आला तिने ठरवायचं. 2022 मध्ये त्यांनी ते मॉडेलही खुलं केलं. ॲपलने हीच कल्पना थेट फोनमध्ये आणली, लहान मुलांच्या फोनसाठी 2021 च्या अखेरीस आणि मोठ्यांसाठी 2023 मध्ये. तिथे तपासणी फोनवरच होते, फोटो कंपनीकडे जात नाही. यातली खुबी अशी की धूसर करण्यात चूक स्वस्त पडते. पुरणपोळीचा फोटो धूसर झाला तर एका टिचकीने उघडतो, कुणाचं काही गेलं नाही. चूक स्वस्त झाली की उंबरठा बिनधास्त खाली आणता येतो आणि निसटणारे फोटो कमी होतात. 'सुरक्षितता आधी' म्हणणाऱ्यांना हवं ते इथे मिळतं, आणि दुसऱ्या बाजूला मोजावं लागतं फार थोडं.

प्रोफाइलवर धूसर करणं चालत नाही. धूसर प्रोफाइल म्हणजे संशयिताचा फलक. तिथे मला दोन उंबरठे हवेत आणि मध्ये माणूस हवा. वरच्या उंबरठ्याच्या पलीकडचे फोटो यंत्राने थेट अडवावेत, खालच्याच्या अलीकडचे थेट सोडावेत, मधले माणसाने पाहावेत. (लहान मुलांच्या लैंगिक शोषणाच्या फोटोंना हे काहीच लागू नाही. तिथे ओळख पटलेल्या फोटोंच्या खुणांशी जुळवून थेट अडवणं आणि पोलिसांपर्यंत पोचवणं हाच मार्ग, आणि तो वेगळाच ठेवावा.)

मध्ये माणूस म्हटलं की हिशेबनीस लगेच म्हणतात, परवडणार नाही. म्हणून वरचंच उदाहरण पुढे नेतो, आकडे पुन्हा धरलेले. वरचा उंबरठा इतका वर ठेवा की त्याच्या पलीकडे 700 वाईट आणि फक्त 90 चांगले जातील. खालचा इतका खाली की त्याच्या अलीकडे 20 च वाईट निसटतील. मधल्या पट्ट्यात उरले 280 वाईट आणि समजा 2,400 चांगले, म्हणजे 2,680 फोटो. सरावलेल्या माणसाला एका फोटोला दहा सेकंद लागतात असं धरलं तर 26,800 सेकंद, म्हणजे साडेसात तासांच्या आत. एक लाख फोटोंमागे दिवसाला एका माणसाचं काम. एकाच माणसाला सलग साडेसात तास हे दाखवू नये, आणि रात्रीही कुणीतरी लागतं, म्हणून तीन-चार जण धरा. ही माणसंही चुकतील. त्यांनी चांगल्यांतले दोन टक्के अडवले तर ते 48. म्हणजे चुकीची अडवणूक 1,980 वरून 138 वर आली, आणि पहिल्या रचनेत जे 50 वाईट निसटत होते त्यांच्या जागी 20, वर माणसांच्या नजरेतून सुटलेले थोडे. दोन्ही बाजूंचं भलं झालं आणि खर्च तीन-चार पगारांचा. ज्या कंपनीला एवढं परवडत नाही तिने एक लाख फोटो घेऊ नयेत.

माणूस म्हणजे मात्र कोणताही माणूस नव्हे. तपासणारी मंडळी दुसऱ्या देशात बसलेली असली की लंगोट त्यांना अंतर्वस्त्रच वाटतो, आणि त्यात त्यांचा दोष नाही. त्यांच्या हातात लेखी नियमपुस्तिका असते, तिच्यात लंगोट नसतो. आमच्या पुस्तिकेत तो घालायला मला बरीच मिनतवारी करावी लागली. शेवटी ओळ अशी ठरली की आखाडा किंवा कुस्तीची माती दिसत असेल तर चालेल, बेडरूम किंवा आरसा दिसत असेल तर नाही. गुलालासाठीही अशीच एक ओळ झाली. रंग कपड्यांवर, केसांवर, आजूबाजूच्या माणसांवरही उडालेला असेल तर तो रंग आहे. जखम दिसत असेल तरच रक्त. हिंसेच्या खणात तर यंत्राला प्रोफाइलवर एकट्याने काही अडवू देऊच नये असं माझं मत आहे, उघडी जखम किंवा मृतदेह सोडून. सुरी हातात घेतलेला खाटीक, मासा सोलणारी बाई, बॉक्सिंगनंतर सुजलेला डोळा आणि खरी धमकी यांतला फरक यंत्राला बरेचदा पिक्सेलमध्ये सापडत नाही, कारण तो पिक्सेलमध्ये नसतोच.

माणसाने एकदा सोडलेला फोटो यंत्राने पुन्हा अडवू नये ही साधी गोष्टही अनेक ठिकाणी होत नाही. माणूस फोन बदलतो, खातं पुन्हा उघडतो, तोच फोटो टाकतो आणि तीच मिरवणूक पुन्हा. अडवलेल्या फोटोंची यादी आणि सोडलेल्या फोटोंची यादी अशा दोन्ही ठेवाव्यात, पण सारख्या पद्धतीने नाही. अडवलेल्यांसाठी मिळताजुळता फोटोही ओळखणारी खूण वापरावी, म्हणजे कड कापून किंवा रंग बदलून तोच फोटो पुन्हा आत येणार नाही. सोडलेल्यांसाठी मात्र हुबेहूब तीच फाइल असेल तरच दार उघडावं. नाहीतर सुटलेल्या फोटोच्या कोपऱ्यात भलतंच काही चिकटवून आत शिरणारे आहेतच. मधला तुकडा कापून पाहणाऱ्या मॉडेलांना असा कोपरा कधी दिसतच नाही. ही वाट कमी वयात फार लवकर कळते, असा माझा अनुभव.

हे सगळं नीट चाललं आहे की नाही हे कळणार कसं? अपीलं मोजून नाही. अपील करणारा चिकाटीचा असतो, निघून गेलेला मोजला जात नाही. त्यासाठी दर आठवड्याला अडवलेल्या फोटोंतून पाचशे यादृच्छिक उचलावेत आणि दोघांनी एकमेकांना न विचारता पाहावेत. त्यातून चुकीची अडवणूक किती ते कळतं, आणि ते आकडे बाई-पुरुष, प्रदेश, सणावाराचा आठवडा असे वेगळे काढले तर कुणाच्या माथी पडते तेही कळतं. निसटलेले मोजणं जास्त अवघड आहे. पहिल्या उदाहरणात सोडलेले फोटो सत्त्याण्णव हजार आणि त्यांत वाईट 50. त्यांतले हजार फोटो उचलून पाहिले तर सरासरी अर्धा वाईट सापडेल. अशी तपासणी करून 'काही निसटत नाही' म्हणणारे अहवाल मी वाचले आहेत. तिथे उंबरठ्याच्या जरा खाली राहिलेले फोटो जास्त उचलावे लागतात आणि लोकांच्या तक्रारी त्यांच्या शेजारी ठेवाव्या लागतात.

मोजणी थांबवता येत नाही याचं आणखी एक कारण आहे. मॉडेल बाहेरून विकत घेतलेलं असलं तर विकणारी कंपनी त्याची नवी आवृत्ती आणते. उंबरठा 0.8 च राहतो, पण नव्या मॉडेलचा 0.8 म्हणजे जुन्याचा 0.8 नव्हे. एका सोमवारी आमच्याकडे अडवणूक अचानक वाढली होती. लोकांनी रविवारी काय केलं याचा आम्ही अर्धा दिवस शोध घेतला. लोकांनी काहीच केलं नव्हतं.

राहिला प्रश्न अडवलेल्या माणसाला काय सांगायचं याचा. 'आमच्या मार्गदर्शक तत्त्वांचा भंग' एवढंच लिहून मोकळं होण्यामागे युक्तिवाद असा की कारण सांगितलं तर लबाड शिकतात. आकडा आणि उंबरठा सांगू नये, हे मान्य. पण कोणत्या खणात अडकला, माणसाने पाहिला की यंत्राने, आणि दाद कुठे मागायची हे सांगण्याने लबाडाला काही नवं मिळत नाही. तो तर शंभर फोटो टाकून ते स्वतःच शोधतो. आपल्याकडच्या 2021 च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत 50 लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या समाजमाध्यमांसाठी हे लिहिलेलंच आहे. स्वतःहून मजकूर काढायचा तर संबंधिताला कारणासह कळवा आणि म्हणणं मांडायची संधी द्या. डेटिंग ॲप त्या व्याख्येत बसतं का, यावर वकिलांनी खुशाल भांडावं. कारण कळवायला कायद्याची वाट पाहायची गरज नाही. मित्राला ॲपने निदान 'नग्नता' आणि 'हिंसा' हे शब्द तरी दिले, म्हणून मला फोनवर दोन्ही फोटो डोळ्यांपुढे आणता आले. दाद मागायचं बटण मात्र त्याला कुठे सापडलं नाही.

परवा त्याने प्रोफाइल दाखवलं. पहिला फोटो चुलतभावाच्या लग्नातला आहे, भाड्याच्या जोधपुरीतला, मागे जेवणाच्या पंगतीतले दोन काका. माहितीत 'आवड' या खणात त्याने 'फिटनेस' लिहिलं आहे. मी म्हटलं, कुस्ती लिही की. तो म्हणाला, "लिहिली होती. पण नुसती लिहिलेली कुस्ती कोण बघतंय?"